जहाज वळताना टर्बाइनच्या रोटरचा जायरोस्कोपिक कपल कसा काढावा आणि तो बेअरिंगवर कुठे बसतो

फिरत्या रोटरचा आस वळवताना रोटर आणि बेअरिंग एकमेकांना जो पीळ देतात, तो जायरोस्कोपिक कपल. त्यामुळे जहाज डावीकडे वळले की पुढचे टोक उचलले जाते, असे पाठ्यपुस्तकात वाचून बरेच जण पाठ करतात. पण किती उचलले जाते आणि त्याचा त्रास नेमका कोणाला होतो, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

रोटर 6000 किलोचा आहे आणि त्याचा आस जहाजाच्या लांबीच्या दिशेने आहे. फेरे मिनिटाला 2400. मागून पुढे पाहिले तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. दोन बेअरिंगमध्ये 2.5 मीटर अंतर असून वजन दोन्हींवर सारखे आहे. जहाजाचा वेग 18 नॉट, वळणाची त्रिज्या 300 मीटर.

पायरी 1: रोटरचा कोनीय संवेग काढा

यासाठी रोटरची रेडियस ऑफ जायरेशन लागते. सगळे वस्तुमान आसापासून एकाच अंतरावर गोळा केले असे मानले, तर जडत्व तेवढेच राहील असे ते अंतर. इथे ते 0.45 मीटर आहे. सर्वात जास्त चुका याच आकड्यात होतात, कारण ड्रॉइंगवरची बाहेरची त्रिज्या उचलून सूत्रात टाकली जाते. भरीव सारख्या जाडीच्या चकतीतसुद्धा हे अंतर बाहेरच्या त्रिज्येच्या सुमारे 0.71 पट असते आणि सूत्रात त्याचा वर्ग होतो, म्हणजे उत्तर थेट दुप्पट येते.

```
I = m × k² = 6000 × 0.45² = 1215 kg·m²
ω = 2π × 2400 / 60 = 251.3 rad/s
H = I × ω ≈ 305300 kg·m²/s
```

पायरी 2: जहाज किती वेगाने वळते ते काढा

18 नॉट म्हणजे सेकंदाला 9.26 मीटर. त्याला 300 ने भागले की वळण्याचा कोनीय वेग ωp = 0.0309 rad/s मिळतो, म्हणजे मिनिटाला सुमारे 106 अंश. हे चांगलेच जोरदार वळण आहे. जहाजावर वळणाचा दर दाखवणारे उपकरण असेल तर भागाकाराऐवजी त्याचाच आकडा घ्यावा, कारण वळताना जहाजाचा वेग पडतो आणि आधीचा वेग धरून केलेला हिशेब खोटा ठरतो. ते उपकरण मिनिटाला अंश दाखवते. त्याचे rad/s करण्यासाठी 3438 ने भागा.

पायरी 3: कपल काढा

```
C = H × ωp = 305300 × 0.0309 ≈ 9430 N·m
```

पायरी 4: दिशा ठरवा, पण पाठांतराने नको

रोटरच्या अगदी वरच्या टोकाचा एक कण डोळ्यासमोर आणा. मागून पाहता रोटर काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे हा कण उजवीकडे धावतो आहे. आता जहाज डावीकडे वळू लागले. वरून पाहिले तर कणाच्या वेगाची दिशाही त्याच बाजूने वळते, आणि उजवीकडचा वेग डावीकडे वळवला की तो थोडा पुढच्या दिशेला झुकतो. म्हणजे वरच्या कणाला पुढे ढकलावे लागते. खालचा कण डावीकडे धावतो, त्याला याच कारणाने मागे ढकलावे लागते. हे काम बेअरिंग करतात: ते रोटरला पुढचे टोक खाली जाईल असा पीळ देतात. रोटर बेअरिंगना आणि त्यामार्फत जहाजाला उलटा पीळ देतो, म्हणून जहाजाचे पुढचे टोक वर जाऊ पाहते.

गोंधळ होतो तो इथेच. रोटरवर लागणारा कपल आणि रोटर जहाजावर लावतो तो कपल सारखेच, पण विरुद्ध दिशेचे. उत्तर लिहिताना कोणावरचा कपल लिहिता आहात ते शब्दांत लिहून ठेवा. आणि रोटरची दिशा पुढून पाहून सांगितली आहे की मागून, हेही आधी विचारा. त्यावर सगळे उलटते.

पायरी 5: हा कपल जहाजाला जाणवतो का ते पाहा

9430 N·m म्हणजे एक टन-मीटरपेक्षाही थोडा कमी. जहाजाचा पुढचा-मागचा झुकाव 1 सेंटिमीटरने बदलायला 50 टन-मीटर लागतात असे धरले, तर हा कपल त्याला जेमतेम 0.2 मिलिमीटरने हलवेल. पुढचे टोक उचलले जाते हे खरे, पण कोणाला दिसणार नाही.

पायरी 6: बेअरिंगवर बसवा

कपलला बेअरिंगमधल्या अंतराने भागा: 9430 / 2.5 ≈ 3770 न्यूटन. रोटरचे वजन सुमारे 58.9 किलोन्यूटन, म्हणजे प्रत्येक बेअरिंगवर आधीच 29.4 किलोन्यूटन आहेत. डावीकडे वळताना रोटर पुढच्या बेअरिंगला वर ढकलतो, तिथला भार 25.7 वर उतरतो. मागच्या बेअरिंगवर तो 33.2 होतो. सुमारे 13 टक्क्यांचा फरक. उजवीकडे वळताना बेअरिंगची अदलाबदल होते.

वळताना एखादे बेअरिंग जास्त तापत असेल तर याच गोष्टीवरून कारण तपासता येते. तेच फेरे आणि तोच वळणाचा दर ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळावे. कपलमुळे होत असेल तर एका वळणात मागचे बेअरिंग जास्त तापेल, दुसऱ्यात पुढचे. दोन्ही वळणांत तेच बेअरिंग तापत असेल तर दोष तेलाच्या पुरवठ्यात किंवा अलाइनमेंटमध्ये शोधा. धातूचे तापमान मागून चढते, म्हणून वळण पुरेसे लांब हवे. इथे पूर्ण फेऱ्याला 204 सेकंद लागतात.

लाटांवरचे डोलणे विसरू नका

समजा जहाज पुढे-मागे 6 अंशांनी डोलते आणि एका हेलकाव्याला 12 सेकंद लागतात. सर्वाधिक कोनीय वेग (2π/12) × 0.105 ≈ 0.055 rad/s, म्हणजे कपल सुमारे 16.8 किलोन्यूटन-मीटर. जोरदार वळणापेक्षाही जास्त! शिवाय तो आडवा बसतो: प्रत्येक बेअरिंगवर 6.7 किलोन्यूटन, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. एकूण भार 29.4 वरून 30.2 एवढाच होतो, पण त्याची दिशा उभ्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे 13 अंश फिरत राहते. त्यामुळे नुसता भाराचा आकडा पाहून हा परिणाम हातातून निसटतो. आडव्या डुलण्याने मात्र काही होत नाही, कारण ते रोटरच्या आसाभोवतीच असते.

दोन रोटर उलट दिशांनी फिरवले की जहाजावरचे कपल एकमेकांना खोडतात. बेअरिंगवरचे खोडत नाहीत: प्रत्येक रोटरच्या बेअरिंगला आपापला भार सोसावाच लागतो.

विमानात हिशेब तोच, प्रमाण वेगळे

200 किलोचा रोटर, रेडियस ऑफ जायरेशन 0.2 मीटर, मिनिटाला 10000 फेरे. विमान सेकंदाला 100 मीटर वेगाने, 1000 मीटर त्रिज्येत वळते. कपल सुमारे 840 N·m येतो. बेअरिंगमधले अंतर 1.5 मीटर असेल तर प्रत्येकावर 560 न्यूटन. या वळणात विमान सुमारे 45 अंश कलते आणि वजन 1.4 पट जाणवते, त्यामुळे एका बेअरिंगवर तसेही सुमारे 1400 न्यूटन असतात. म्हणजे कपलचा भार त्याच्या 40 टक्के. विमान कललेले असल्याने हा कपल निव्वळ नाक वर-खाली करणारा राहत नाही. त्याचा काही भाग नाक आडवे वळवू पाहतो.

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलमध्ये प्रोपेलरसोबत अख्खे रोटरी इंजिनच फिरत असे आणि विमान हलके होते. तिथे मात्र वैमानिकाला हे स्पष्ट जाणवे: उजवीकडे वळताना नाक खाली जाई, डावीकडे वळताना वर. पायरी 4 मधला कण घेऊन हे ताडून पाहा. तो रोटरही वैमानिकाच्या बाजूने पाहता काट्याच्या दिशेनेच फिरत असे.