ग्लेझ ओघळून जाते, फिलिंग थरांतून बाहेर येते: गनाशच्या प्रमाणातल्या या चुका टाळा

केकवर ओतायचे गनाश आणि थरांमध्ये भरायचे गनाश यांत घटक तेच असतात, फरक असतो तो वजनाच्या प्रमाणाचा. 50 ते 60 टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट आणि 35 टक्के फॅटचे क्रीम वापरत असाल, तर ओतण्यासाठी दोन्ही समान घ्या आणि घट्ट फिलिंगसाठी क्रीमच्या दुप्पट चॉकलेट घ्या. म्हणजे 200 ग्रॅम क्रीमला ग्लेझसाठी 200 ग्रॅम चॉकलेट आणि फिलिंगसाठी 400 ग्रॅम.

कपाने मोजणे

सगळ्यात जास्त गनाश इथेच बिघडते. एक कप क्रीमचे वजन साधारण 240 ग्रॅम भरते, पण चिरलेल्या चॉकलेटच्या तुकड्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे तोच कप सुमारे 160 ग्रॅमच देतो. 'कपाला कप' घेतले की प्रत्यक्षात क्रीम चॉकलेटच्या दीडपट होते. असे ग्लेझ कडेवरून वाहून ताटलीत जमते आणि खालचा केक दिसू लागतो. वजनकाटा नसेल तर चॉकलेटच्या वेष्टनावरचे वजन धरून क्रीम ठरवा, कपाच्या भरवशावर राहू नका.

प्रत्येक चॉकलेटला एकच प्रमाण लावणे

गनाश घट्ट होते ते मुख्यतः कोको बटर आणि कोकोच्या घन भागामुळे. मिल्क चॉकलेटमध्ये हे कमी असतात, व्हाइटमध्ये घन भाग नसतोच. म्हणून घट्ट फिलिंगसाठी मिल्क चॉकलेट क्रीमच्या अडीचपट आणि व्हाइट तिप्पट लागते. ग्लेझसाठी मिल्क दीडपट, व्हाइट दुप्पट घेऊन सुरुवात करा. 70 टक्क्यांच्या डार्कला उलटा न्याय: समान प्रमाणात ते ओतायला जड जाते, तेव्हा 200 ग्रॅम चॉकलेटला 230-240 ग्रॅम क्रीम घ्या. क्रीम 25 टक्के फॅटचे असेल तर त्यात पाणी जास्त असते आणि गनाश सैल राहते. तेव्हा चॉकलेट थोडे वाढवावे लागते.

क्रीम उकळत ठेवणे

क्रीमला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद करा. पाच मिनिटे खदखदू दिले तर पाणी उडून जाते आणि मोजलेले 200 ग्रॅम क्रीम 200 ग्रॅम राहत नाही. ग्लेझमध्ये हे फारसे जाणवत नाही. फिलिंगमध्ये आधीच पाणी कमी असते, त्यामुळे तिथे हीच चूक गनाश फाडते: चमक जाते, पोत रवाळ होतो आणि कडेला तूप सुटल्यासारखे दिसते. अशा वेळी आणखी चॉकलेट घालू नका, ते घातल्यास फॅटच वाढते. मिश्रण कोमट असताना एकेक चमचा गरम दूध घालून मध्यभागी गोल ढवळत राहा. दोन-तीन चमच्यांत ते बहुधा पुन्हा एकजीव होते.

बिघडलेले प्रमाण अंदाजाने सुधारणे

समजा, 200 ग्रॅम क्रीम आणि 200 ग्रॅम चॉकलेटचे गनाश फिलिंग म्हणून केले आणि वरचा थर ठेवताच ते बाहेर आले. थंड गनाशमध्ये चॉकलेटचे तुकडे टाकून काही होत नाही, ते न वितळता तसेच राहतात. हिशोब असा करा: क्रीम 200 आहे, म्हणजे चॉकलेट एकूण 400 हवे, आणखी 200 घालायचे. ते वेगळे वितळवून घ्या, गनाशही कोमट करा आणि मग दोन्ही मिसळा. एवढे फिलिंग नको असेल तर निम्मेच गनाश काढून त्यात 100 ग्रॅम चॉकलेट घाला. उलट, घट्ट गनाश ओतायचे असेल तर त्यातल्या प्रत्येक 100 ग्रॅम चॉकलेटमागे 50 ग्रॅम गरम क्रीम वाढवा.

प्रमाण बरोबर, पण वेळ चुकलेली

कित्येकदा प्रमाणाला उगाच दोष दिला जातो. समान वजनाचे ग्लेझ 45 अंशांवर ओतले तर ते पातळ होऊन निसटणारच. 32 ते 35 अंश सेल्सिअसला ओता. थर्मामीटर नसेल तर चमच्यावरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसून विरायला हवी. केक थंड असावा, पण गोठलेला नको, नाहीतर ग्लेझ पसरण्याआधीच थिजते आणि चाकूच्या खुणा राहतात. ओतल्यावर पुन्हापुन्हा चाकू फिरवण्याचा मोहही टाळा.

फिलिंगची गोष्ट वेगळी. करून तासाभरात ते सैलच वाटेल, कारण कोको बटर जमायला वेळ लागतो. प्लास्टिक थेट पृष्ठभागावर चिकटवून थंड खोलीत सहा ते आठ तास ठेवा आणि मगच जास्त चॉकलेटची गरज आहे का ते ठरवा. घाईने फ्रीजमध्ये टाकल्यास कडा दगडासारख्या आणि मधला भाग मऊ राहतो, आणि पसरवताना गाठी येतात.