ग्राहकाच्या प्रवासाचा नकाशा काढताना या चुका टाळा

कंपनीचे नाव पहिल्यांदा कानावर पडल्यापासून दुसऱ्या खरेदीपर्यंतचा ग्राहकाचा प्रवास मांडण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. बहुतेक ठिकाणी नकाशा आधी तयार होतो आणि ग्राहकाशी बोलणे राहूनच जाते. त्यातून होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे शेवटच्या क्लिकलाच प्रवासाची सुरुवात समजणे.

घरगुती पाण्याचे फिल्टर ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत हे मी जवळून पाहिले. तिच्या अॅनालिटिक्समध्ये बहुतेक ऑर्डरी ‘डायरेक्ट’, म्हणजे कुठून आल्या ते न कळलेल्या भेटी, आणि गूगल शोध या दोन खात्यांवर जमा होत्या, तर सोशल मीडियाच्या वाट्याला अगदी किरकोळ आकडा होता. तेवढ्यावरून व्हिडिओंचा खर्च बंद करण्यात आला. पहिले तीन आठवडे विक्री तशीच राहिल्यामुळे निर्णय योग्य ठरल्याचे सर्वांना वाटले. पाचव्या आठवड्यापासून मात्र कंपनीच्या नावाने होणारे शोध आणि डायरेक्ट भेटी एकदमच घसरल्या. फिल्टर घेण्याचा विचार लोक सुमारे महिनाभर करत असत, त्यामुळे सुरुवातीची विक्री ही आधीच्या व्हिडिओंनी जागवलेल्या उत्सुकतेची होती.

याचे कारण मोजणीच्या पद्धतीतच आहे. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीने पाठवलेली लिंक उघडली, तर भेट कुठून आली याची माहिती बहुतेक वेळा सोबत येत नाही आणि ती भेट डायरेक्ट म्हणून नोंदली जाते. व्हिडिओ पाहून आठ दिवसांनी कोणी कंपनीचे नाव गूगलवर टाइप केले, तर श्रेय शोधाला मिळते. जाहिरातीच्या प्लॅटफॉर्मचा अहवाल उलट दिशेने चुकतो. मेटाच्या मूळ सेटिंगमध्ये क्लिकनंतरचे ७ दिवस आणि जाहिरात नुसती दिसल्यानंतरचा १ दिवस यांतील खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर लागते, म्हणून सर्व प्लॅटफॉर्मांचे दावे एकत्र केले की बेरीज प्रत्यक्ष ऑर्डरींपेक्षा जास्त भरू शकते.

माझा उपाय साधा आहे. ऑर्डर पक्की झाल्याच्या पानावर मी ‘आमच्याबद्दल सर्वांत आधी कुठे ऐकले किंवा पाहिले?’ असा एकच प्रश्न ठेवते आणि उत्तरासाठी पर्यायांची यादी न देता मोकळी जागा सोडते, कारण यादी दिली की घाईतला माणूस पहिला पर्याय निवडून मोकळा होतो. त्या कंपनीत पहिल्या ६० उत्तरांपैकी २३ जणांनी व्हिडिओ किंवा कोणीतरी पाठवलेली लिंक असे लिहिले होते, आणि त्यांतील केवळ तिघेच अहवालात सोशलखाली दिसत होते. माणसाला ठळक गोष्टच आठवते, त्यामुळे या उत्तरांवरून टक्केवारी काढून खर्चाची वाटणी करू नये. टप्प्यांचा क्रम समजण्यासाठी मात्र ती फार उपयोगी पडतात. त्यानंतर मी आठ-दहा ग्राहकांना फोन करते. तयार टेम्प्लेटमध्ये चौकटी भरून दोन तासांत नकाशा मागणाऱ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्या चौकटींत काय लिहायचे ते या फोनवरच कळते.

भेट कुठून आली ते अहवालात कळावे म्हणून लिंकना टॅग लावताना एकाने `utm_source=Instagram` आणि दुसऱ्याने `utm_source=instagram` लिहिले, तर गूगल अॅनालिटिक्स त्यांना दोन वेगळे स्रोत मानते, म्हणून सर्व टॅग लहान अक्षरांत लिहावेत. स्वतःच्याच साइटवरील आतल्या लिंकना असे टॅग कधीही लावू नयेत, कारण त्यामुळे मूळ स्रोताचे श्रेय पुसले जाऊ शकते.

दुसरी मोठी चूक म्हणजे नकाशा पहिल्या खरेदीपाशी संपवणे. त्याच कंपनीच्या फिल्टरचे कार्ट्रिज साधारण सहा महिने चालत असे, तरी नव्या ग्राहकाला दुसऱ्याच आठवड्यापासून कार्ट्रिजच्या जाहिराती दिसू लागत. पुन्हा खरेदीची वेळ अंदाजाने न ठरवता मी प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरमधले दिवस मोजते, ते चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेते आणि त्याच्या दोन-तीन आठवडे आधी आठवण पाठवते. सरासरी मी टाळते, कारण दोन वर्षांनी परतलेले थोडे ग्राहकही ती फुगवतात. नुकतीच खरेदी केलेल्यांची यादी तोवर जाहिरातींतून वगळावी, नाहीतर जो ग्राहक आपणहून परतणारच होता त्याचे श्रेयही जाहिरात घेते.

या मधल्या काळात सोशल मीडियाचे काम जाहिरातीचे नसून उत्तरे देण्याचे असते. फिल्टर बसवताना पाणी गळते, अशी तक्रार त्या कंपनीच्या व्हिडिओखाली अकरा दिवस अनुत्तरित पडून होती. फोनवर बोललेल्या ग्राहकांपैकी दोघींनी ती तक्रार वाचून खरेदी लांबवल्याचे मला सांगितले. त्यानंतर मी नकाशात ‘बसवणे’ हा स्वतंत्र टप्पा घातला आणि कमेंटला पहिले उत्तर मिळण्यास लागणारा वेळ हा त्या टप्प्याचा आकडा ठरवला.