ट्रेनी, अप्रेंटिस की इंटर्न? मी पत्राचं तिसरं पान वाचलं नव्हतं

डिप्लोमा मेकॅनिकल झाल्यावर एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन पत्रं आली. एक अप्रेंटिसशिपचं, एका मोठ्या प्लांटमधलं, एक वर्ष, महिना आठ हजार. दुसरं एका व्हेंडर कंपनीचं, पद 'डिप्लोमा ट्रेनी', महिना साडेतेरा हजार. घरी सगळे म्हणाले ट्रेनी म्हणजे नोकरीच की, अप्रेंटिस म्हणजे नुसतं शिकणं, आणि मलाही ते पटलं. मी ट्रेनी घेतलं. दीड वर्षाने हातात काय उरलं ते सांगतो, कारण मला दर महिन्याला कोणीतरी ज्युनिअर हाच प्रश्न विचारतो आणि पगाराचा आकडा सोडून कशाकडेच बघत नाही.

इंटर्नशिपचं आधी उरकतो. ती शिकतानाच करायची असते, कॉलेजच्या क्रेडिटसाठी किंवा इनप्लांट म्हणून, दोन ते सहा महिने. सगळ्यांना लागू होईल असा किमान स्टायपेंडचा कायदा नाही, त्यामुळे कुठे चांगले पैसे तर कुठे शून्य. पर्मनंट व्हायचा चान्स त्या टीममध्ये जागा रिकामी होणार आहे का यावर असतो, तुम्ही किती राबलात यावर फार कमी. प्रोजेक्ट एकच पण पूर्ण मिळत असेल तर कमी पैशातही करा. पैसे भरून इंटर्नशिप देणाऱ्या कन्सल्टन्सी मात्र लांब ठेवा, तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेटला शॉपफ्लोअरवर कोणी विचारत नाही.

आता ट्रेनी. हा शब्द कंपनी कशालाही लावते. एक ट्रेनी असतो जीईटी किंवा डीईटी, ग्रॅज्युएट किंवा डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी, म्हणजे जागा मंजूर आहे, वर्षभर बघतील आणि कन्फर्म करतील. दुसरा ट्रेनी म्हणजे फक्त हात कमी पडताहेत म्हणून भरलेला माणूस. बाहेरून दोघांचं आयकार्ड सारखंच दिसतं, फरक पत्रात असतो. माझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, रजेच्या नियमांखाली, एक ओळ होती की प्रशिक्षण कालावधी संपताच ही नेमणूक आपोआप संपुष्टात येईल आणि त्यावरून नोकरीचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही. मी पहिलं पान वाचलं, आकडा बघितला, सही केली. ज्यांची खरी जागा असते त्यांच्या पत्रात साधारण 'प्रोबेशन' आणि 'कन्फर्मेशन' हे शब्द असतात, ग्रेड असते, कन्फर्म झाल्यावरचं सीटीसी असतं. माझ्यात यातलं काहीच नव्हतं.

दुसरी खूण पीएफ. अप्रेंटिस कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, ते ठीकच आहे. पण तुम्ही अप्रेंटिसही नाही, रोज तीन शिफ्टमध्ये प्रॉडक्शन काढताय आणि स्लिपवर पीएफ नाही, म्हणजे कंपनीने तुम्हाला कामगार म्हणून धरलेलंच नाही. पहिल्या स्लिपलाच हे दिसतं, मला सातव्या महिन्यात दिसलं, तेही शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरने दाखवलं म्हणून.

शिकण्याचं म्हणाल तर आठ महिने मी एकाच सीएनसी टर्निंगवर होतो. जॉब लावायचा, चक टाइट, सायकल स्टार्ट, काढायचा, गेजने बघायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. टूल झिजून साइज सरकली की सेटर यायचा, ऑफसेट टाकायचा आणि जायचा. मला ऑफसेटच्या पानाला हात लावायची परवानगी नव्हती. एचआरने दिलेला मेंटॉर मी दोनदाच बघितला. माझं ठाम मत आहे की खरा मेंटॉर तो सेटर असतो, त्याच्या मागे उभं राहा, त्याने किती मायक्रॉन टाकले ते वहीत लिहा, मी नाइट शिफ्टला तेच केलं आणि पुढे तेवढंच कामाला आलं.

मुख्य खड्डा पुढे आहे. वर्ष संपलं, सहा महिने वाढवून दिले आणि मग पत्रातल्या त्या ओळीप्रमाणे गेट बंद. मी म्हटलं ठीक, आता अप्रेंटिसशिप करू. तिथे कळलं की डिप्लोमा किंवा डिग्रीनंतर एक वर्ष किंवा जास्त ट्रेनिंग वा नोकरीचा अनुभव असेल तर त्या अप्रेंटिसशिपला पात्रच नाही. नीट लक्षात घ्या, ट्रेनिंगसुद्धा मोजतात. आणि दुसऱ्या कंपनीत नोकरीला गेलो तर ते म्हणाले तुझ्या लेटरवर ट्रेनिंग लिहिलंय, पीएफ नंबर नाही, आम्ही फ्रेशर धरणार. तेल गेलं तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. दर महिन्याला जास्त मिळालेले साडेपाच हजार मला या दारापेक्षा मोठे वाटले होते. म्हणून ट्रेनी म्हणून गेलातच आणि दहाव्या महिन्यापर्यंत कन्फर्मेशनचं काहीच लेखी मिळालं नाही, तर वर्ष भरायच्या आत निर्णय घ्या, बारा महिन्यांनंतर नाही.

अप्रेंटिसशिप म्हणजे स्वर्ग असंही नाही. 2019 च्या नियमांत किमान स्टायपेंड डिप्लोमाला आठ हजार आणि डिग्रीला नऊ हजार होता, सही करताना चालू आकडा सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर बघा. कायद्याच्या कलम 22 प्रमाणे कंपनीला नोकरी देणं बंधनकारक नाही, आणि तुम्हालाही घेणं बंधनकारक नाही. करारातच पुढे त्यांच्याकडे काम करण्याची अट असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा त्यांना योग्य जागा देऊ करावी लागते. 2014 च्या दुरुस्तीनंतर अप्रेंटिसना घेण्याबाबत कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं, ते धोरण काय आहे असा प्रश्न सरळ विचारा. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये म्हटलंय की बाकी सगळं सारखं असेल तर अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्याला प्राधान्य द्यावं, पण बाकी सगळं सारखं असेल तरच, हे विसरू नका. रेल्वेत लेव्हल 1 च्या भरतीत रेल्वेतूनच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा असतात, आयटीआयवाल्यांना हे फार उपयोगाचं.

पण करार पोर्टलवर रजिस्टर झालाय का हे बघा. आमच्या बॅचच्या एकाला 'अप्रेंटिस' म्हणून घेतलं, करार चढवलाच नाही, वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट नाही. पहिल्याच महिन्यात apprenticeshipindia.gov.in किंवा nats.education.gov.in वर लॉगिन करून कॉन्ट्रॅक्ट दिसतोय का ते बघायचं, नसेल तर एचआरला मेल करायचा, तोंडी नाही. अप्रेंटिसला सरकारच्या अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, हेही माहीत असू द्या, पहिल्याच आठवड्यात बारा तास उभं करतात.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये. माझं वय तेव्हा एकवीस होतं, पुढे एका छोट्या टूलरूममध्ये सेटरचा हेल्पर म्हणून लागलो, तीन महिन्यांत त्यांनी पीएफसकट पत्र दिलं, ती वही बघूनच. पण तुम्हाला हा वळसा घ्यायची गरज नाही. ऑफर आली की सही करायच्या आधी एवढाच मेल टाका: 'या पदासाठी मंजूर जागा आहे का, कन्फर्मेशन कधी आणि कशावर, पीएफ कधीपासून?' दोन दिवस थांबा. उत्तर फोनवर आलं आणि 'बघू नंतर' असं आलं तर ते पत्र प्रोबेशनचं नाही असं धरून चाला. ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल नुसतं दाखवा.