नाताळातलं एक बुकिंग आणि वॉटरफॉल

गोव्यात आयटीत नव्याने लागलेल्या मुलांना एसडीएलसीचे, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याचे टप्पे तोंडपाठ असतात. गरजा समजून घेणं, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, डिप्लॉयमेंट, मेंटेनन्स. मुलाखतीपुरतं ते ठीक आहे. पण कामाला लागल्यावर बघायचं ते हे, की पहिल्या टप्प्यात राहिलेली गोष्ट कितव्या टप्प्यात वर येते.

आमच्याकडे कळंगुटच्या एका हॉटेलचं बुकिंगचं काम होतं, वॉटरफॉल पद्धतीने, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढचा घ्यायचा. गरजांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘खोलीचा दर गुणिले रात्री, त्यावर जीएसटी’. त्यावर सह्या झाल्या. मग डिझाइनमध्ये बुकिंगच्या टेबलात दरासाठी एकच रकाना आला. टेस्ट केसही त्याच कागदावरून लिहिलेल्या, त्यामुळे सगळ्या पास.

शेवटी हॉटेलात यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांकडूनच तपासून घ्यायला बसलो, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, “बावीस ते सव्वीस डिसेंबर कसं घालू? चोवीसपासून दर वाढतो ना!”

हिशेब करून बघा. दोन रात्री ६,५०० रुपयांच्या, दोन ९,००० च्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८. रात्रीगणिक धरलं तर ६५० अधिक ३,२४०, म्हणजे ३,८९० रुपये. आमच्या टेबलात सरासरी ७,७५० चा एकच दर बसत होता, त्यामुळे सगळ्याच रकमेवर १८ टक्के, म्हणजे ५,५८०. गिऱ्हाइकाला १,६९० चा भुर्दंड! दुरुस्तीला एक ओळ पुरणार नव्हती. टेबल, बिल, रिफंड, महिन्याचा रिपोर्ट, सगळंच उसवावं लागलं.

इटरेटिव्हमध्ये टप्पे हेच असतात, फक्त दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतात. पहिल्या फेरीत एकाच प्रकारची खोली घ्यायची, पण बुकिंगपासून बिलापर्यंत पूर्ण. तेव्हाच ताईंना समोर बसवलं असतं, तर हाच प्रश्न रिफंड आणि रिपोर्ट लिहिण्याआधी आला असता. मात्र पहिल्या फेरीत काय घ्यायचं ते नीट निवडा. नवी मुलं हमखास लॉगिनच्या स्क्रीनपासून सुरुवात करतात, त्यात कळण्यासारखं काहीच नसतं. नाताळाचं बुकिंग आधी घ्या. आणि डेमोला काउंटरवरचा माणूस आलाच नाही, तर ती फेरी म्हणजे छोटा वॉटरफॉलच.

गंमत म्हणजे ज्या लेखाचा वॉटरफॉलसाठी दाखला देतात, त्या १९७० च्या लेखात विन्स्टन रॉइस यांनीच टेस्टिंग शेवटी ठेवणं धोक्याचं म्हटलं होतं.

तरी वॉटरफॉल सरसकट टाकाऊ नाही. नियम आधीच छापलेले आहेत, मध्येच बदलणार नाहीत आणि टेंडरमध्ये किंमत बांधलेली आहे, अशा कामात तो सरळ चालतो. तिथे दर फेरीला बदल मागत बसलं, तर त्याचे पैसे कोण देणार यावरच बैठका होतात.