व्हिडिओतील स्लाइडचा मजकूर शोधसूचीत भरताना या चुका टाळा

व्याख्यानांच्या व्हिडिओंमधून स्लाइडची शीर्षके आणि वस्तूंची नावे वाचून घ्यायची आणि ती शोधसूचीत भरायची, म्हणजे विद्यार्थ्याने LM317 असे एखाद्या आयसीचे नाव टाइप केले की त्याला थेट त्या मिनिटावर जाता येईल, हे काम ऐकायला सोपे वाटते. ते बिघडले की दोष ओसीआरच्या माथी मारला जातो आणि उतावीळ मंडळी लगेच दुसरे, अधिक महागडे इंजिन शोधू लागतात. माझ्या पाहण्यात मात्र बिघाड बहुतेक वेळा ओसीआरच्या आधी तरी असतो किंवा नंतर तरी: एक तर त्याला चुकीची फ्रेम दिलेली असते, नाही तर त्याने बरोबर वाचलेले आपणच पुढे नासवलेले असते. येथे इलेक्ट्रॉनिक्सच्या व्याख्यानांची उदाहरणे घेतली आहेत, कारण तिथे नावातला एक आकडा चुकला तरी महागात पडते.

चित्रपटाचा नियम स्लाइडला लावणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे `select='gt(scene,0.4)'` ही ffmpeg ची ओळ कुठून तरी उचलून जशीच्या तशी चालवणे. 0.3 किंवा 0.4 ही मर्यादा चित्रपटासारख्या दृश्यांसाठी ठीक आहे, कारण तिथे कट झाला की जवळजवळ सगळे चित्र बदलते. स्लाइडचे तसे नसते. ffmpeg हा गुण काढताना आधीच्या फ्रेमशी तुलना करून बिंदूंच्या उजळपणातील सरासरी फरक मोजतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असतील, तर एक स्लाइड जाऊन दुसरी आली तरी बहुतेक पांढरा भाग पांढराच राहतो. समजा चित्रातील 8 टक्के बिंदू काळ्याचे पांढरे किंवा पांढऱ्याचे काळे झाले, तर गुण फार तर 0.2 च्या आसपास येईल, आणि 0.4 च्या चाळणीतून ही स्लाइड कधीच मिळणार नाही.

एक स्लाइड हळूहळू विरून दुसरी उमटत असेल, तर अवस्था याहून वाईट होते. गुण काढताना आत्ताचा फरक पाहिला जातो, आणि हा फरक मागच्या फ्रेमच्या वेळच्या फरकापेक्षा किती वेगळा आहे हेही पाहिले जाते; दोहोंपैकी जो आकडा लहान तो धरला जातो. बदल सारख्या गतीने होत असेल तर दुसरा आकडा शून्याजवळच राहतो, म्हणून मर्यादा खाली आणूनही अशी स्लाइड हमखास हाती लागेल असे नाही.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या व्याख्यानसंग्रहावर हेच घडले होते. तासाभराच्या प्रत्येक व्याख्यानातून मोजकी चित्रे निघाली होती आणि त्यांतल्या बहुतेकांत फळ्यासमोर उभे असलेले प्राध्यापक होते, कारण त्या चाळणीत सापडले ते फक्त कॅमेऱ्याचे कट. मधल्या सगळ्या स्लाइड गळाल्या होत्या. काम करणाऱ्यांनी तोवर ओसीआरची इंजिने बदलून पाहिली होती, पण निघालेली चित्रे उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. मग कोणी तरी मर्यादा 0.02 वर आणली आणि उलटाच प्रकार सुरू झाला: कोपऱ्यातल्या चौकटीत प्राध्यापकांनी हात हलवला की एक फ्रेम, पॉइंटर सरकला की एक फ्रेम. शिवाय ज्या स्लाइड आता मिळू लागल्या, त्यांतल्या बऱ्याच ऐन बदलाच्या क्षणी पकडलेल्या होत्या. Voltage Regulators या शीर्षकावर Op-Amp Basics हे शीर्षक अर्धवट उमटलेले असेल, तर जगातले कोणतेही इंजिन त्यातून धड शब्द काढू शकणार नाही.

मी दृश्यबदलाच्या भानगडीतच पडत नाही आणि सरळ सेकंदाला एक फ्रेम काढतो.

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vf fps=1 frames/%05d.png
```

तासाला 3600 चित्रे होतात. हा आकडा ऐकून नवखे दचकतात, पण ओसीआर सगळ्यांवर चालवायचेच नसते. प्रत्येक चित्र 320 बिंदू रुंदीचे आणि करड्या छटेचे करून शेजारच्या चित्राशी ताडून पाहणे अगदी स्वस्त काम आहे. ताडण्याआधी वक्त्याची चौकट काळी करून टाकावी, नाही तर चित्र कधी स्थिर आहे असे वाटणारच नाही. सलग तीन किंवा अधिक सेकंद चित्र हलले नाही, तर तो एक स्थिर टप्पा. त्या टप्प्यातील शेवटून दुसरे चित्र मी ओसीआरला देतो. अगदी शेवटच्या चित्रात पुढचा बदल सुरू झालेला असू शकतो, तर सुरुवातीच्या चित्रात कमी बिटरेटमुळे अक्षरे अजून धूसर असतात आणि ती क्षणभराने स्वच्छ होतात. मुद्दे एकेक करून उमटत असतील तर एकाच स्लाइडचे अनेक टप्पे पडतात. ओळीने येणाऱ्या टप्प्यांचे शीर्षक एकच निघाले तर ते जोडून टाकावेत आणि मजकूर शेवटच्या टप्प्याचा घ्यावा.

इथेच आणखी एक चूक दबा धरून बसलेली असते. मजकूर शेवटच्या टप्प्याचा घेतला म्हणून वेळही तिथलीच नोंदवली जाते, आणि शोधणारा माणूस स्लाइडवरील बोलणे संपताना तिथे पोहोचतो. वेळ नेहमी पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीची नोंदवावी.

नावे ‘सुधारणे’

दुसरी चूक मला अधिक चीड आणणारी आहे, कारण ती हुशारीच्या आवेशात केली जाते. ओसीआरने LM358 ऐवजी LM3S8 किंवा BC547 ऐवजी 8C547 वाचले, की लोक दोनपैकी एक उपाय करतात: सगळ्या मजकुरावर शुद्धलेखन तपासणी चालवतात, किंवा शोधात एका अक्षराच्या फरकाला मुभा देतात. पहिल्या उपायाबद्दल एवढेच पुरे की भागांचे क्रमांक कोणत्याही शब्दकोशात नसतात. दुसरा उपाय वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर सांगायला हवे.

LM317 आणि LM337 यांत एकाच आकड्याचा फरक आहे. पहिला धन व्होल्टेजचा रेग्युलेटर, दुसरा ऋण व्होल्टेजचा. नेहमीच्या तीन पायांच्या TO-220 आवरणात LM317 चा मधला पाय आउटपुटचा असतो, तर LM337 चा मधला पाय इनपुटचा. एका प्रशिक्षण संस्थेने अशी एका अक्षराची मुभा दिलेला शोध सुरू केला होता. तिथे LM317 शोधणाऱ्यांना सर्वांत वर LM337 चे व्याख्यान दिसत असे, कारण त्या व्याख्यानात ते नाव अधिक वेळा आले होते. काही विद्यार्थ्यांनी तिथली आकृती पाहून LM317 ची जोडणी केली, आणि प्रयोगशाळेत तक्रार आली ती ‘आयसी खराब आहेत’ अशी. शोधसूचीकडे कोणाचे लक्ष जायला बराच वेळ लागला. 7805 आणि 7905 या जोडीचीही हीच गत होते.

ओसीआरच्या चुका कोणत्याही दोन अक्षरांत सारख्या होत नाहीत. O आणि 0, I आणि 1, S आणि 5, B आणि 8, Z आणि 2 अशा दिसायला सारख्या जोड्यांतच त्या बहुतांशी होतात. 1 चा 3 क्वचितच होतो. म्हणून मुभा द्यायची ती फक्त या जोड्यांना. मी अभ्यासक्रमातील भागांची यादी हाताशी ठेवतो आणि यादीतील नाव व ओसीआरने वाचलेला शब्द या दोन्हींची एकाच पद्धतीने किल्ली बनवतो.

```python
T = str.maketrans("OILSBZ", "011582")

def killi(s):
    s = s.upper().replace("-", "").replace(" ", "")
    return s.translate(T)
```

LM358 आणि LM3S8 या दोन्हींची किल्ली 1M358 येते, तर LM317 आणि LM337 वेगळेच राहतात. किल्ली जुळली तर यादीतील नाव शोधसूचीत जाते; जुळली नाही तर वाचलेला शब्द आहे तसा राहतो, त्याला जवळच्या नावाकडे ओढायचे नाही. मूळ वाचन वेगळ्या रकान्यात जपावे, कारण पुढे यादीत नवे नाव आले तर पुन्हा ओसीआर चालवावे लागत नाही. यादीतील दोन नावांची किल्ली एकच येते का, हे आधी तपासावे, आणि तशी जोडी सापडली तर ती डोळ्यांनी पाहून निकाली काढावी. टेसरॅक्ट वापरत असाल तर `-c load_system_dawg=0 -c load_freq_dawg=0` देऊन त्याचा अंगचा शब्दकोशही बंद करता येतो. क्रमांकांनी भरलेल्या स्लाइडसाठी मी तो बंदच ठेवतो.

यादी बनवायला कंटाळा येतो म्हणून लोक ‘अंदाजे जुळवणी’चा आडमार्ग धरतात. यादी बनवायला एक दुपार लागते, आणि ती दुपार वाचवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

मराठी शीर्षके आणि शोधसूचीची कात्री

शीर्षके मराठीत असतील तर बिघाड ओसीआरनंतर होतो आणि तो सहजी दिसत नाही. शोधसूची SQLite च्या FTS5 मध्ये असेल, तर तिथली मूळची unicode61 ही शब्द तोडण्याची पद्धत फक्त अक्षरे आणि आकडे शब्दाचा भाग मानते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना ती शब्दांमधील मोकळी जागा समजते. त्यामुळे ‘भार’चे ‘भ’ आणि ‘र’ असे दोन तुकडे होतात. ‘भारी’चेही तेच तुकडे होतात आणि ‘भोर’चेही. शोध चालतो, उत्तरे येतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. फक्त ‘भार’ शोधल्यावर नको ती पानेही येत राहतात. उपाय तक्ता बनवतानाच करावा लागतो.

```sql
CREATE VIRTUAL TABLE slide USING fts5(
  title, body,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

थोडक्यात आटोपण्याजोग्या चुका

फ्रेम JPEG मध्ये साठवू नका; बारीक अक्षरांभोवती डाग पडतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर रंग उलटून घ्या. अक्षरांची उंची 20 बिंदूंहून कमी असेल तर ओसीआरआधी चित्र दुप्पट मोठे करा.

पहिली ओळ म्हणजे शीर्षक असे धरू नका, कारण बहुतेक स्लाइडवर पहिली ओळ संस्थेच्या नावाची असते. `tesseract` ला शेवटी `tsv` दिले की प्रत्येक शब्दाची जागा आणि उंची मिळते. निम्म्याहून अधिक स्लाइडवर त्याच जागी येणारा मजकूर वगळून, वरच्या तिसऱ्या हिश्श्यातील सर्वांत उंच ओळ मी शीर्षक मानतो.

फ्रेमच्या क्रमांकाला 30 ने भागून वेळ काढू नका. व्हिडिओ 29.97 चा असेल तर तासाला 3.6 सेकंदांचा फरक पडतो. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर फ्रेमचा वेग अनेकदा मुळातच स्थिर नसतो, त्यामुळे तिथे चूक मिनिटांत जाऊ शकते. वरची `fps=1` ही चाळणी व्हिडिओतील वेळेच्या नोंदी पाहून फ्रेम निवडते, त्यामुळे तिच्याबाबत हा घोळ होत नाही.

नाव सापडत नसेल तर

स्लाइडवर दिसणारे नाव शोधात येत नसेल, तर आधी त्या मिनिटाची फ्रेम निवडली गेली आहे का ते पाहावे. फ्रेम असेल तर मूळ वाचनाचा रकाना उघडावा, आणि तिथे नाव ठीक असेल तर किल्ली जुळली का हे तपासावे. सर्वांत शेवटी शोधवाक्य पाहावे: FTS5 मध्ये NE-555 असे अवतरणाशिवाय लिहिले तर मधल्या आडव्या रेषेमुळे त्रुटी येते, आणि ती त्रुटी गिळून ‘काही सापडले नाही’ असे दाखवणारी पाने मी बरीच पाहिली आहेत. ही तपासणी करता यावी म्हणून निवडलेल्या फ्रेम कधीच पुसू नयेत. तासाभराच्या व्याख्यानाच्या त्या बहुधा शंभराच्या आतच असतात आणि डिस्कवर नगण्य जागा घेतात.