नोव्हेंबरात सहावीची बदली: दुसऱ्या मेलला उत्तर आलं

पुण्याहून नाशिकला बदली झाली, मुलगी सहावीत. इंदिरानगरच्या शाळेला पहिला मेल लांबलचक लिहिला, आमचीच कर्मकहाणी! आठवडाभर उत्तर नाही.

दुसऱ्याचा विषय: ‘सहावी प्रवेश, वर्षाच्या मध्यात: भेटीची विनंती’. आत एवढंच:

‘आदरणीय मॅडम, दाखला, पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक, आधार, पेन क्रमांक तयार आहेत, प्रती जोडल्या आहेत. मंगळवारी किंवा बुधवारी अकरानंतर दहा मिनिटं भेटता येईल का?’

संध्याकाळीच मॅडमचं उत्तर आलं.

खरी मेख पेनची, म्हणजे मुलीच्या कायम शैक्षणिक क्रमांकाची. जुन्या शाळेने युडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर नाव मोकळं केल्याशिवाय नव्या शाळेला ते घेता येत नाही. म्हणून मेलआधीच जुन्या शाळेतल्या क्लार्ककाकांना फोन केला होता. दाखल्यावरचं स्पेलिंगही आधारशी ताडलं. एक ‘a’ जास्त निघाला.