चाचण्या संपण्याआधीच मर्ज झालेली बॉटची पुल रिक्वेस्ट

दर सोमवारी आमचा बॉट प्रकल्पात वापरलेल्या लायब्ररींच्या सर्व नव्या मायनर आणि पॅच आवृत्त्यांची मिळून एकच पुल रिक्वेस्ट उघडतो आणि वर्कफ्लोमधील ही कमांड तिचे ऑटो-मर्ज सुरू करते:

```
gh pr merge --auto --squash "$PR_URL"
```

एकदा चाचण्या चालू असतानाच ती मर्ज झाली आणि मुख्य शाखेचा बिल्ड मोडला. नोंदी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला की `--auto` केवळ शाखेवर सक्तीच्या केलेल्या तपासण्यांसाठी थांबते आणि आमच्याकडे अशी एकही तपासणी नव्हती. शाखा-संरक्षणाच्या नियमांत `test` ही तपासणी सक्तीची केल्यावर पुढची रिक्वेस्ट ती हिरवी होईपर्यंत थांबली. हे नाव जॉबच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे, नाहीतर रिक्वेस्ट प्रतीक्षेतच अडकून राहते. मेजर आवृत्त्या मात्र मी गटाबाहेर आणि ऑटो-मर्जबाहेरच ठेवल्या आहेत. त्यांतील बदल माणसाने वाचूनच स्वीकारावेत, असे माझे ठाम मत आहे.